नाजूक जागेला सुगंधी वॉश, पावडर, वाइप्स का नकोत, आणि त्याऐवजी नेमकं काय करायचं

मागच्या पावसाळ्यात खानापूरच्या पलीकडच्या एका गावातून एक ताई माझ्याकडे आल्या. वय 34. बेळगावात खडेबाजारात कापडाच्या दुकानात कामाला. सकाळी आठची बस धरायची आणि रात्री साडेआठला घर गाठायचं. दिवसभर उभं राहायचं, पावसात भिजलेले कपडे अंगावरच वाळवायचे, आणि दुकानाजवळ बायकांना जायला धड जागा नाही. दोन महिने त्यांना जांघेत आणि लघवीच्या जागेला खाज होती. आता नुसती खाजच नव्हती.

"मॅडम, नुसतं पाणी लागलं तरी झोंबायलंय बघा. इतकं स्वच्छ ठेवून पण असं का व्हायलंय?"

मी त्वचेची डॉक्टर आहे, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतो. बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, कुठूनही बाई येवो, उत्तर बहुतेक वेळा तिच्या न्हाणीघरातल्या फळीवर असतं. मी त्यांना सांगितलं, पुढच्या वेळी येताना त्या जागेला जे जे लागतं ते सगळं पिशवीत घालून आणा. त्यांनी सहा वस्तू आणल्या. सुगंधी इंटिमेट वॉश, सुगंधी पँटी लायनर, ओले वाइप्स, गुलाबाच्या वासाची पावडर, आंघोळीच्या पाण्यात टाकायचं जंतुनाशक, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली एक मलमाची ट्यूब. पहिल्या चार वस्तू ताजंतवानं वाटावं म्हणून घेतलेल्या. शेवटच्या दोन पहिल्या चारांमुळे झालेला त्रास घालवण्यासाठी. हा लेख त्या पिशवीबद्दल आहे.

आधी जागा ओळखून घ्या

योनी म्हणजे आतली नळी. ती बाहेरून दिसत नाही. बाहेर दिसतात ते मोठे ओठ, त्यांच्या आतले छोटे ओठ, आणि लघवीच्या छिद्राभोवतीचा ओलसर गुलाबी भाग. या सगळ्याला मी इथे 'बाहेरची जागा' म्हणणार आहे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण आतली नळी धुवायचीच नसते आणि बाहेरची जागा धुवायची असते, पण हातपाय धुतो तशी नाही.

हातावरच्या कातडीवर मेलेल्या पेशींचा एक कोरडा, चिवट थर असतो. घराच्या भिंतीला गिलावा असावा तसा. मोठ्या ओठांच्या बाहेरच्या बाजूला तो थोडाफार असतो, छोट्या ओठांवर पातळ होत जातो, आणि अगदी आतल्या ओलसर भागावर तो तयारच होत नाही. त्यातून ही जागा कायम झाकलेली, घामेजलेली आणि चालताना घासली जाणारी. त्यामुळे हाताला लावलेली वस्तू वरच राहते, पण इथे लावलेली आत शिरते. पुरुषांच्या बाबतीतही हेच आहे. 1967 साली झालेल्या एका मोजणीत अंडकोषावरच्या कातडीतून हायड्रोकॉर्टिझोन हे औषध हाताच्या तुलनेत सुमारे 42 पट शोषलं गेलं होतं. औषध जर इतकं आत जातं, तर अत्तरही जातं.

वासात असतं काय

डब्यावर घटकांच्या यादीत 'फ्रेग्रन्स' किंवा 'पार्फम' असा एकच शब्द असतो. पण तो एक पदार्थ नव्हे. त्या एका शब्दाखाली दहा-वीस, कधी त्याहून कितीतरी जास्त वेगवेगळी रसायनं असू शकतात. त्यातली काही नैसर्गिकही असतात. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल आणि संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन ही त्यांपैकी दोन. ही दोन्ही हवेशी संयोग पावली की त्यांपासून तयार होणारे पदार्थ मूळच्यापेक्षा जास्त ॲलर्जी करतात. म्हणून अर्धी वापरून वर्षभर फळीवर ठेवलेली बाटली नव्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. 'हर्बल आहे, त्यानं काय होणार' असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते. झाडातून आलेला वासही वासच आहे.

त्रास दोन प्रकारे होतो, आणि तो कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखता आलं तर निम्मं काम होतं.

पहिला प्रकार म्हणजे कातडी सोलवटल्यासारखी होणं. साबण, जंतुनाशक, वाइप्समधलं पाणी या सगळ्यांनी कातडीवरची चरबी निघून जाते. काही मिनिटांत किंवा काही तासांत आग होते, लाल दिसतं, लघवी करताना झोंबतं. हा त्रास कुणालाही होऊ शकतो. वस्तू किती आणि किती वेळा लावली यावर तो ठरतो. कमी केली की कमी होतो.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. शरीर आधी त्या रसायनाला 'ओळखून' ठेवतं, आणि त्याला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. कधी कधी वस्तू वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक हे घडतं. एकदा ओळख पटली की पुढच्या प्रत्येक वेळी ती वस्तू लावल्यावर एक ते तीन दिवसांनी खाज, सूज, पुरळ, कधी पाणी सुटणं सुरू होतं. मधे दोन दिवस गेल्यामुळे बाईला वाटतं, सोमवारच्या वॉशचा बुधवारच्या खाजेशी काय संबंध? आणि ही ओळख बहुधा जन्मभर राहते. म्हणून 'पाच वर्षं हेच वापरते, त्यानं नाही होणार' हे म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या टिकत नाही.

वाइप्सबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. ओले वाइप्स कुजू नयेत म्हणून त्यांत टिकाऊपणाची रसायनं घालावी लागतात. त्यांतलं एक, मेथिलआयसोथायाझोलिनोन, ॲलर्जीसाठी इतकं कुप्रसिद्ध झालं की अमेरिकेतल्या त्वचेच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2013 साली त्याला 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' ठरवलं. अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत युरोपनं नंतर त्यावर बंदी आणली. वाइप्स 'बिनवासाचे' असले तरी हे रसायन त्यांत असू शकतं. वाइप्सनं पुसून आपण ते धुतही नाही. ते जागेवरच सुकतं.

आंबटपणाचा प्रश्न

आतल्या नळीत लॅक्टोबॅसिलस नावाचे आपले उपकारक जंतू राहतात. विरजणातल्या जंतूंचेच हे भाऊबंद. ते लॅक्टिक आम्ल करतात आणि पाळीच्या वयात त्या जागेचा पीएच 3.8 ते 4.5 इतका आंबट ठेवतात, म्हणजे बाहेरचे जंतू तिथे सहजासहजी वाढत नाहीत. साध्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. दह्याच्या भांड्यात खाण्याचा सोडा टाकल्यासारखंच ते होतं.

इथे मला जाहिरातींचं उत्तर द्यायचं आहे. 'आमच्या वॉशचा पीएच बरोबर आहे' असं म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण आंबटपणा बरोबर असला म्हणून त्यातला वास आणि टिकाऊपणाची रसायनं नाहीशी होत नाहीत. आणि आतला आंबटपणा आपलं शरीर स्वतः तयार करतं. बाटलीतून घालावा लागत नाही. आत पाण्याची पिचकारी किंवा हँड शॉवरचा जोरदार फवारा मारणं तर मुळीच नको. त्यानं उपकारक जंतू धुऊन जातात आणि आतल्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

वासाचं आणखी एक नुकसान आहे, आणि डॉक्टर म्हणून मला त्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते. अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा वास ही आमच्यासाठी माहिती असते. माशासारखा वास आला तर एक निदान, दह्यासारखं फुटीर पांढरं आणि वासाशिवाय भयंकर खाज असेल तर दुसरं, हिरवट-पिवळं आणि फेसाळ असेल तर तिसरं. गुलाबाची पावडर ही माहिती झाकते, आजार मात्र तसाच राहतो. निपाणीजवळच्या एका मावशींनी सहा महिने सुगंधी पॅड वापरून असाच वास झाकला होता. सात दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा जंतुसंसर्ग होता तो.

पहिलं काम: सगळं बंद

खानापूरच्या ताईंना मी तपासलं. मोठ्या ओठांवर आणि लायनर टेकतो त्या पट्ट्यात कातडी लाल, सुजलेली, खाजवून ओरखडलेली. आत तपासलं तर पीएच 4.2, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी नाही. म्हणजे ताईंना जंतुसंसर्ग नव्हताच. तरी त्या दोन महिने जंतूंवरच उपचार करत होत्या.

मी सांगितलं, चार आठवडे पिशवीतल्या सहाही वस्तू बंद. एक एक करून नको, एकदम. एक बंद करून दुसरी चालू ठेवली तर दोष कुणाचा ते कधीच कळत नाही, आणि कातडीला सावरायला अवधीही मिळत नाही. मग न दिसणाऱ्या वस्तू शोधायच्या. डोक्याला लावलेला शाम्पू आंघोळीत ओघळत तिथवर येतो, म्हणून केस पुढे वाकून धुवायचे आणि शेवटी त्या जागेवरून साधं पाणी सोडायचं. कपडे धुतल्यावर शेवटच्या पाण्यात टाकायचं सुगंधी सॉफ्टनर बंद. वासाचं खोबरेल बंद. पतीकडून वापरला जाणारा सुगंधी कंडोमही यादीत येतो. ताईंनी तो आधी सांगितलाच नव्हता, विचारल्यावर सांगितला.

घरातल्या ज्येष्ठ बायकांना एक विनंती. बाळंतिणीला ओवा, शेपा घालून शेगडीवर धुरी द्यायची पद्धत आपल्या भागात अजून आहे. ओव्याचा शेक पोटाला, पाठीला देण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टाके असलेल्या जागेखाली निखारे ठेवू नका. धुरानं ती जागा चरचरते, आणि भाजल्याचे प्रकार मी स्वतः पाहिले आहेत.

धुवायचं कसं

दिवसातून एकदा, उन्हाळ्यात किंवा पाळीत फार तर दोनदा. त्यापेक्षा जास्त नको. कोमट पाणी, हाताला सहज सोसेल इतकंच. कढत पाण्यानं खाज क्षणभर थांबते आणि तासाभरानं दुप्पट होते. आधी हात धुवा. मग तांब्यानं किंवा हळू धारेनं पाणी पुढून मागे सोडा आणि बोटांच्या पोटांनी ओठांमधल्या घड्यांत हलकेच फिरवा, कारण पांढरा लेप साचतो तो तिथेच. तो नुसत्या पाण्यानं निघतो. काथ्या, घासणी, जाळीदार स्पंज काहीही नको. बोट आत घालायचं नाही. एक मिनिट पुरे.

"साबण अजिबातच नाही? मग वास नाही येणार?" ताईंनी विचारलं. वास कुठून येतो ते आधी पाहू. आतल्या ओलसर भागाला त्याचा हलका, किंचित आंबूस वास असतो आणि तो असायलाच हवा. लोकांना जो वास नकोसा वाटतो तो बहुतेक वेळा जांघेतल्या आणि केसांच्या जागेतल्या घामावर जंतू वाढल्यानं येतो, किंवा लघवीचे थेंब कपड्यात राहिल्यानं. म्हणजे साबणाची गरज असेलच तर ती जांघेला, केसांच्या भागाला आणि शौचाच्या जागेला आहे. त्यासाठी बिनवासाचा, साबण नसलेला सौम्य बार वापरा. मेडिकलमध्ये 'सिंडेट बार, बिनवासाचा' असं विचारलं की देतात. हातावर थोडा फेस करून तेवढ्याच भागाला लावायचा आणि धुऊन टाकायचा. ओठांच्या आत नाही.

डाळीचं पीठ, रिठा, शिकेकाई मी या जागेला सुचवत नाही. पिठाचे कण घड्यांत अडकतात. रिठा फेस करतो म्हणजेच चरबी काढतो, आणि डोळ्यात गेल्यावर तो किती झोंबतो हे सगळ्यांना माहीत आहे. कडुनिंबाच्या पाण्यानं आग झालेल्याही बायका माझ्याकडे आल्या आहेत.

केस कापायचे असतील तर लहान कात्रीनं किंवा ट्रिमरनं आखूड करा. रेझरनं बारीक कापलं जातं, आणि केस काढायच्या क्रीमचा वास व क्षार दोन्ही इथे नकोत.

कोरडं करणं आणि लेप

धुण्यापेक्षाही जास्त फरक कोरडं करण्यानं पडतो, निदान आपल्या पावसाळ्यात तरी. जुन्या मऊ सुती कापडाचा वेगळा पंचा ठेवा आणि टिपून घ्या, घासू नका. जांघेची घडी उघडून टिपा. लघवीनंतरही पाणी वापरलं की टिपायचं. कामावर जाताना मऊ सुती कापडाचे चार-पाच चौकोनी तुकडे प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत न्या आणि वापरलेले वेगळ्या पिशवीत ठेवून घरी धुवा. ताईंनी वाइप्सऐवजी हेच सुरू केलं. अगदीच पुसावंसं वाटलं तर त्यातलाच एक तुकडा बाटलीतल्या साध्या पाण्यानं ओला करायचा.

कोरडं झाल्यावर वाटाण्याएवढी साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली बोटांवर पातळ करून बाहेरच्या जागेला लावायची, सकाळी निघताना आणि रात्री झोपताना. ती कातडीचा गेलेला गिलावा भरून काढते. घाम, लघवी, घर्षण थेट लागत नाही. चकाकेल इतकी नको, पातळच. मात्र ती लावलेली असताना रबरी कंडोमवर विसंबू नका, तेलकट पदार्थानं तो फाटू शकतो.

टाल्कम पावडर नको. घामात तिच्या गुठळ्या होऊन घासतात, बहुतेक पावडरींत वास असतोच, आणि 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं टाल्कला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या गटात घातलं आहे.

आग फार होत असेल तेव्हा एका टबात किंवा मोठ्या परातीत कोमट साधं पाणी घेऊन दहा मिनिटं बसा, दिवसातून दोनदा. पाण्यात मीठ, जंतुनाशक, तुरटी काही टाकू नका. रात्रीच्या खाजेला थंड पाण्यात पिळलेला सुती कपडा पाच मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका.

कपडे, आणि आपल्याकडचं पाणी

खानापूर, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर आतले कपडे वाळतच नाहीत. दमट कपडा घातला की घातल्याबरोबर घामाचं काम सुरू. चुलीच्या उबेवर वाळवलेल्या कपड्याला धूर लागतो. पंख्याखाली रात्रभर वाळत घालून सकाळी आतल्या बाजूनं कडक इस्त्री फिरवा, विशेषतः जोडांवर. पावसाळ्याआधी चार-पाच जोड जास्त घेऊन ठेवणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सुती, किंचित सैल, आणि रात्री शक्यतो आतलं काही न घालता झोपणं.

अथणी, रायबागच्या बायकांचं दुखणं वेगळं आहे. तिथे बऱ्याच घरी बोअरचं जड पाणी. त्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून पावडर जास्त टाकतात, आणि साबणाचा चिकट थर कपड्यात राहतो. वाळल्यावर कपडा ताठ, खरखरीत लागला तर समजा पावडर पूर्ण निघालेली नाही. आतले कपडे वेगळे धुवा, बिनवासाची पावडर निम्मी करा, आणि तीन वेगवेगळ्या पाण्यांतून खळबळून काढा. शेवटचं पाणी पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं मऊ पाणी असेल तर उत्तम.

पाळीच्या दिवसांत

बिनवासाचं, वरचा थर सुती असलेलं पॅड घ्या. पाकिटावर फूल असेल तर संशय घ्या आणि पाकीट उघडून वास घेऊन पाहा. चार ते सहा तासांनी बदला, कमी भिजलं असलं तरी. कापडाच्या घड्या वापरत असाल तर आधी थंड पाण्यात भिजवून मग साबणानं धुवा आणि उन्हात वाळवा. लाजेखातर साडीखाली झाकून वाळवलेल्या घड्या दमट राहतात. कप वापरत असाल तर दर पाळीनंतर पाच मिनिटं उकळा, आणि मधे बिनवासाच्या साबणानं धुवा. रोजचे पँटी लायनर मात्र कुणालाच नकोत. पांढरं पाणी महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणणारं आणि नंतर दाट होतं. तो आजार नाही. कपडा दुपारी बदलला की पुरतं.

ताईंचे चार आठवडे

पहिल्या आठवड्यात ताईंची खाज वाढली. हे मी आधीच सांगून ठेवलं होतं, कारण मेडिकलच्या त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र होती आणि त्यातलं एक तीव्र स्टेरॉइड. ते लाली दाबतं, म्हणून दोन दिवसांत बरं वाटतं. सोडलं की कातडी उसळून येते, आणि जास्त दिवस लावलं तर पातळ होते. अशा ट्यूबमधलं जंतुनाशकही काहींना ॲलर्जी करतं. मी त्याऐवजी सौम्य स्टेरॉइडचं मलम दिलं, रात्री एकदा, मोजून दहा दिवस, आणि त्यावर जेली. हे डॉक्टरांनी बघून द्यायचं औषध आहे. लेख वाचून आणायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात लघवीची आग गेली. तिसऱ्यात रात्रीची झोप लागू लागली. चौथ्यात कातडी बरीचशी नेहमीच्या रंगावर आली.

मग पॅच टेस्ट. पाठीवर ठरलेल्या पदार्थांच्या छोट्या पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढून पाहतात आणि चौथ्या दिवसाच्या आसपास पुन्हा वाचतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. ताईंना सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा तीन बसफेऱ्या कराव्या लागल्या. त्यांना दोन गोष्टींची ॲलर्जी निघाली: सुगंधांच्या मिश्रणाची, आणि वाइप्समधल्या त्या मेथिलआयसोथायाझोलिनोनची. तेव्हा त्यांनी हात पुढे केले. बोटांना दोन वर्षं भेगा होत्या; घरातल्या भांडी घासायच्या द्रवाच्या बाटलीवर तेच नाव सापडलं.

पॅच टेस्ट जवळपास होत नसेल तर एक घरगुती चाचणी आहे, पण ती फक्त अंगावर ठेवायच्या वस्तूंसाठी, म्हणजे क्रीम, जेली यांसाठी. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावायची. खाज, पुरळ आलं की तिथेच थांबायचं. वॉश, साबण अशा धुवायच्या वस्तू अशा तपासू नका, त्या चिकटून राहिल्या तर कुणालाही आग करतात. आणि हातावर काही झालं नाही म्हणून नाजूक जागेला चालेलच असं नाही. कारण वर सांगितलं आहेच.

घ्यायच्याच असतील त्या वस्तू महिन्यानंतर एकेक करून आणायच्या, दोन वस्तूंमध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवून. डब्यावर 'अनसेंटेड' लिहिलेलं असेल तर फसू नका. दुसरा वास दाबायला त्यातही सुगंध घातलेला असू शकतो. 'फ्रेग्रन्स फ्री' हे शब्द शोधा, आणि तरीही मागची यादी वाचा. ताईंनी सिंडेट बार तेवढा परत घेतला. बाकी काही नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं

माशासारखा वास, फेसाळ किंवा हिरवट पाणी, ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखम, पाळीच्या मधे किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणं, यांत चार आठवडे वाट पाहू नका. कातडी पांढरी, चमकदार, कागदासारखी पातळ होत असेल तर ती ॲलर्जी नव्हे, वेगळा आजार असतो आणि त्याचे उपचार वेगळे. पुन्हा पुन्हा बुरशी होत असेल तर साखर तपासा. लहान मुलीला रात्री तिथे खाज सुटत असेल तर आधी जंतांचा विचार करतात. तिला सुगंधी काही लावून बघू नका.

डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्रीपासून काही लावू नका आणि सकाळी फक्त साध्या पाण्यानं धुवा, म्हणजे आम्हाला खरं काय आहे ते दिसतं. बाई डॉक्टर हवी असेल तर चिठ्ठी काढतानाच सांगा. आणि पिशवी आणा. संपलेली ट्यूबसुद्धा टाकू नका, तिच्या मागचीच बारीक अक्षरं मला वाचायची असतात.